शब्दांचा पल्ला : खुल्या कचेरीतला आवाज आणि शांत जागेचा इतिहास

1943 साली बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांविषयी एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. 'ऑटिझम' म्हणजे ज्याला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो, तिचा आधुनिक अभ्यास या निबंधापासून सुरू झाला असे मानतात. मुलांच्या नोंदींमध्ये कॅनर यांनी आवाजांचाही उल्लेख केला होता. व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहते पाणी, अंडी घुसळण्याचे यंत्र अशा साध्या घरगुती आवाजांनी यातली काही मुले भेदरून जात. ही नोंद तज्ज्ञांच्या नजरेखालून गेली, पण आजाराच्या व्याख्येत तिला जागा मिळाली नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती 2013 साली निघाली, तेव्हा कुठे आवाज, प्रकाश, स्पर्श यांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या निकषांत दाखल झाले. मधे 70 वर्षे गेली.

याच 70 वर्षांत जगभरच्या कचेऱ्यांमधल्या भिंती पडल्या. हे दोन इतिहास एकमेकांना ठाऊक नसल्यासारखे समांतर चालले आणि आज ते एका टेबलाशी येऊन भेटले आहेत. त्या टेबलाशी बसलेला माणूस स्वमग्न असेल, त्याला एडीएचडी असेल किंवा डिस्लेक्सिया असेल. अशा सर्वांसाठी आता 'न्यूरोडायव्हर्जंट' हा एकच शब्द वापरतात. मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी असलेली माणसे, एवढाच त्याचा अर्थ. या शब्दामागच्या विचाराला ऑस्ट्रेलियातील जूडी सिंगर यांच्या 1998 च्या प्रबंधाने चालना दिली. असा माणूस शांत जागा मागतो, तेव्हा ती सवलत समजली जाते. खुल्या कचेरीचा इतिहास तपासला तर मात्र वेगळेच दिसते. शांतता हा या कचेरीच्या मूळ आराखड्याचाच भाग होता, आणि तो टप्प्याटप्प्याने काढून टाकला गेला.

क्विकबोर्नचे दोन भाऊ

अनेक माणसांनी एका दालनात बसून काम करणे काही नवे नाही. मुंबईच्या जुन्या पेढ्यांत मुनीम आणि गुमास्ते एकाच बैठकीवर बसत. सरकारी कचेऱ्यांत कारकुनांच्या रांगा आणि टोकाला साहेबांची केबिन असे. ती उघडी जागा सोयीची आणि देखरेखीची होती. उघड्या जागेला तत्त्वज्ञान चिकटले ते 1950 च्या दशकाच्या अखेरीस, जर्मनीत.

हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्न गावी एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या दोन भावांनी एक सल्लागार संस्था काढली. त्यांच्या घरी फर्निचरचा व्यवसाय होता. कचेरीत कागद आणि निरोप कुणाकडून कुणाकडे जातात याचे त्यांनी नकाशे काढले, आणि ज्यांचा एकमेकांशी जास्त संबंध त्यांची टेबले जवळ आणली. रांगा मोडल्या, साहेबांची केबिन गेली. या मांडणीला 'ब्युरोलांडशाफ्ट', म्हणजे कचेरीचा निसर्गदेखावा, असे नाव पडले. ग्युटर्स्लो येथील बर्टेल्समान या प्रकाशनसंस्थेच्या इमारतीत 1960-61 च्या सुमारास ती प्रत्यक्षात आली. 1967 साली ड्युपाँट कंपनीमार्फत ती अमेरिकेत पोचली.

वरवर विस्कळीत दिसणाऱ्या या मांडणीत आवाजाचा विचार काळजीपूर्वक केलेला होता. जमिनीवर जाड गालिचा, आवाज शोषणारे छत, टेबलांमध्ये हलवता येणारे आडोसे, मोठ्या कुंड्या आणि कामापासून दूर विश्रांतीची जागा, हे सारे मिळूनच ती मांडणी पुरी होत असे. दालन पुरेसे मोठे असावे, म्हणजे अनेकांच्या बोलण्याची एकसंध गुणगुण होते आणि त्यात एकट्याचा आवाज उठून दिसत नाही, असाही त्यामागे हिशेब होता. हा हिशेब पुरता बरोबर ठरला नाही, पण आवाजाचा प्रश्न आहे हे त्यांनी मान्य केले होते. नक्कल करणाऱ्यांनी मात्र मोकळी जमीन घेतली आणि महागडे छत व गालिचा मागे ठेवला.

युरोपात याविरुद्ध प्रतिक्रिया लवकर उमटली. जर्मनीत 1972 च्या कायद्याने कामगार मंडळांना कामाच्या जागेच्या रचनेबाबत बोलण्याचा अधिकार दिला. 1975 च्या नियमावलीने बौद्धिक कामाच्या ठिकाणी आवाजाची मर्यादा 55 डेसिबल ठरवली. स्वीडनमध्ये 1978 साली कॅनन कंपनीसाठी टेंगबोम या वास्तुसंस्थेने जी कचेरी बांधली, तिच्यात प्रत्येकाला काचेची छोटी खोली आणि मधोमध सर्वांची बैठक होती. दार लावले की एकांत आणि उघडले की सोबत. हिला 'कॉम्बी' कचेरी म्हणतात. उत्तर युरोपातल्या पुष्कळ कचेऱ्या या वळणाने गेल्या. भारतात जे आले ते मात्र अमेरिकेच्या वाटेने.

प्रॉप्स्ट यांचे आडोसे

अमेरिकेतल्या हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचा संशोधन विभाग 1960 पासून रॉबर्ट प्रॉप्स्ट सांभाळत होते. ते शिल्पकार होते, कलेचे अध्यापक होते आणि स्वभावाने संशोधक होते. उघड्या दालनात माणसाचे लक्ष सतत तुटते, ही त्यांची तक्रार होती. 1964 साली त्यांची 'ॲक्शन ऑफिस' ही पहिली मालिका बाजारात आली. तिच्यात उभे राहून काम करायचे उंच टेबल होते आणि टेलिफोनसाठी आवाज अडवणारा वेगळा कोनाडा होता. वस्तू देखण्या होत्या, पण महाग आणि जुळवायला कटकटीच्या. त्या फारशा खपल्या नाहीत.

1968 साली दुसरी मालिका आली. तिचा पाया म्हणजे सुटी, हलवता येणारी पार्टिशने. ही पार्टिशने 120 अंशांच्या कोनात जोडावीत, म्हणजे माणसाच्या तीन बाजूंना ऐसपैस आडोसा होईल आणि पुढची बाजू उघडी राहील, अशी प्रॉप्स्ट यांची कल्पना होती. आडोसा किती आणि कुठे हवा हे ज्याचे त्याने ठरवायचे. माणसे सारखी नसतात, आणि एकाच माणसाची गरजही सकाळी वेगळी व दुपारी वेगळी असते, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. न्यूरोडायव्हर्जंट हा शब्द जन्माला येण्यापूर्वी केलेली ही मांडणी त्या माणसांच्या आजच्या मागणीच्या फार जवळची आहे.

पुढे जे झाले ते हिशेबाच्या वह्यांमुळे. 120 अंशांच्या कोनात जागा वाया जाते. 90 अंशांत चौकोनाला चौकोन लागतो. शिवाय फर्निचरचा घसारा इमारतीपेक्षा लवकर दाखवता येतो, त्यामुळे पक्क्या भिंतींपेक्षा पार्टिशने करबचतीच्या दृष्टीने फायद्याची ठरली. अशी क्युबिकल्सची वसाहत उभी राहिली. आयुष्याच्या अखेरीस प्रॉप्स्ट यांनीच या प्रकाराला वेडेपणा म्हटले होते.

2000 नंतर ही पार्टिशनेही उतरली. लांबलचक टेबले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसलेली माणसे, ही 'बेंचिंग'ची पद्धत आली. कारण सांगितले गेले सहकार्याचे. 2018 साली ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांत खुल्या मांडणीपूर्वी आणि नंतर माणसे किती बोलतात हे अंगावर लावलेल्या यंत्रांनी मोजले. समोरासमोरचे बोलणे सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाले आणि ईमेल वाढले. माणसांनी भिंतीऐवजी कानांत हेडफोन घातले होते.

आवाज मोठा की शब्द स्पष्ट?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. कचेरीतला आवाज त्रास देतो तो मोठा असतो म्हणून, असे आपण धरून चालतो. 1976 साली कॉल आणि वेल्श या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. लोकांना पडद्यावर अक्षरे दाखवायची आणि ती क्रमाने आठवून लिहायला सांगायची; त्याच वेळी कानावर एक उतारा पडू द्यायचा. उतारा जर्मन भाषेतला होता आणि ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हते. तरीही चुका वाढल्या. पुढच्या प्रयोगांत दिसले की बोलणे हळू असो की मोठे, त्रासात विशेष फरक पडत नाही. पंख्याच्या एकसुरी घरघरीने मात्र तसा त्रास होत नाही. सतत बदलत जाणारा ध्वनी स्मरणाच्या कामात घुसतो आणि बोलण्याइतका सतत बदलणारा ध्वनी दुसरा नाही. पुण्यातल्या दालनात शेजारी तेलुगूत फोन चालला असेल, तर न कळणाऱ्या त्या भाषेनेही आकड्यांची बेरीज चुकू शकते. वाचन-लेखनासारखे अर्थाचे काम चालू असेल आणि शेजारचे बोलणे कळत असेल, तर त्रास आणखी वाढतो.

हे सगळ्यांच्याच बाबतीत खरे आहे. फरक आहे तो सावरण्यात. बहुतेकांचा मेंदू थोड्या वेळाने नको असलेल्या ध्वनीला मागे ढकलतो. स्वमग्न माणसांपैकी अनेकांना हे ढकलणे जमत नाही. एसीची घरघर, कीबोर्डची टकटक, पलीकडचा फोन आणि डोक्यावरचा दिवा हे सारे एकाच जोराने येत राहते. ते थोपवण्यात दिवसाची शक्ती संपते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच की हा माणूस दुपारी तीननंतर चिडचिडा होतो, बैठकीत गप्प बसतो किंवा वारंवार स्वच्छतागृहात जातो. वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात त्याची नोंद 'संघभावना कमी' अशी होते. नोकऱ्या जातात त्या इथे.

शब्दांचा पल्ला मोजताना

2012 साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने खुल्या कचेऱ्यांसाठी मोजमापाची एक पद्धत ठरवली. तिच्यात आवाज किती मोठा, यापेक्षा शब्द किती दूरपर्यंत कळतात याला महत्त्व आहे. बोलणाऱ्यापासून दूर जात राहावे. ज्या अंतरावर बोलण्याची स्पष्टता ठरावीक पातळीखाली उतरते आणि लक्ष तितके खेचले जात नाही, ते अंतर मीटरमध्ये सांगायचे. त्याला आपण शब्दांचा पल्ला म्हणू. हा पल्ला 5 मीटर किंवा कमी असेल तर दालन चांगले, 10 मीटरपेक्षा जास्त असेल तर वाईट, असा त्या मानकाचा निर्देश होता.

पल्ला तीन गोष्टींवर ठरतो : जवळ आवाज किती आहे, अंतर दुप्पट झाले की तो किती घटतो आणि दालनात मुळात किती गुणगुण आहे. ढोबळ मानाने, बोलणे आणि गुणगुण समान पातळीला आले की शब्द पुसट होऊ लागतात. यावरून 40 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद अशा दोन दालनांचा हिशेब करून पाहू. दर माणसामागे 6 चौरस मीटर जागा धरली, तर प्रत्येकात सुमारे 130 माणसे बसतात.

पहिल्या दालनात गालिचा आहे, आवाज शोषणारे छत आहे आणि बसलेल्या माणसाच्या डोक्यावर जातील अशी पार्टिशने आहेत. बोलणाऱ्यापासून 4 मीटरवर आवाज 48 डेसिबल असून अंतर दुप्पट झाले की तो 7 डेसिबलने घटतो, म्हणजे 8 मीटरवर 41 उरतो. एसीची एकसारखी गुणगुण 42 डेसिबल आहे. म्हणजे साधारण 7 मीटरवर शब्द विरतात. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात 25 च्या आसपास माणसे येतात.

दुसऱ्या दालनात गुळगुळीत फरशी, उघडे काँक्रीटचे छत आणि लांब टेबले आहेत. येथे 4 मीटरवर 51 डेसिबल आवाज आहे आणि अंतर दुप्पट झाले तरी तो 5 डेसिबलनेच घटतो : 8 मीटरवर 46, 16 मीटरवर 41. एसी नवा आणि शांत, 36 डेसिबलचा. बोलणे या पातळीला यायला 32 मीटर लागतात. प्रतिध्वनीमुळे शब्द थोडे अगोदरच पुसट होतील, हे धरले तरी एक फोन जवळजवळ सबंध दालनाला ऐकू जातो. लक्षात घेण्याजोगे हे की दुसऱ्या दालनात जर्मनीची 55 डेसिबलची मर्यादा सहज पाळली जाईल. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा आहे. तिच्या तर हे आसपासही नाही. कान वाचवणारे नियम लक्ष वाचवू शकत नाहीत. शिवाय शांत एसीने परिस्थिती सुधारली नाही, उलट शब्द आणखी उघडे पडले.

यंत्राशिवायही अंदाज घेता येतो. नेहमीच्या कामाच्या वेळी एकाने टेबलाशी बसून रोजच्या आवाजात अनोळखी मजकूर वाचावा आणि दुसऱ्याने एकेक मीटर मागे जात जावे. वाक्य समजणे थांबेल तेथे खूण करावी. ती खूण 10 मीटरपलीकडे गेली तर दोष माणसात शोधण्यापूर्वी छतात शोधावा.

शांत खोलीचे काय होते

या प्रश्नावर बहुतेक कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे : एक शांत खोली किंवा दोन-चार फोन बूथ. ते वाईट नाही, पण कशामुळे फसते हे ठाऊक असावे. बूथ फोनसाठी असल्याने तो सतत व्यापलेला राहतो. त्यात हवा खेळवायला छोटा पंखा असतो आणि कानाजवळची त्याची घुंई काहींना बाहेरच्या गोंगाटाहून नकोशी वाटते. शांत खोली पॅन्ट्रीशेजारी किंवा मुख्य वाटेवर असली, तर दार उघडताच शांतता संपते. खोली ॲपवर आधी राखून ठेवावी लागत असेल तर तिचा उपयोग अर्धा जातो, कारण संवेदनांचा भार वेळ ठरवून येत नाही. आणि दर वेळी परवानगी मागावी लागली, तर खोली वापरणे म्हणजे आपले निदान चारचौघांत सांगणे होऊन बसते.

रोज वेगळ्या टेबलाशी बसण्याच्या पद्धतीने यात भर पडते. ज्याने पाठीमागे भिंत असलेली, दिव्यापासून दूरची जागा मोठ्या कष्टाने शोधलेली असते, त्याला ती रोज सकाळी पुन्हा शोधावी लागते.

शांतता सर्वांना एकाच प्रकारची हवी असते, असेही नाही. बोलणे झाकण्यासाठी छतातून हलका व्हाइट नॉइज सोडतात, त्याने शब्दांचा पल्ला खरोखर घटतो. पण आवाजाला हळव्या असलेल्या काही स्वमग्न माणसांना तोच सहन होत नाही. उलट 2007 साली स्वीडनमधील गोरान सॉडरलुंड आणि सहकाऱ्यांना असे आढळले की एडीएचडी असलेल्या मुलांची स्मरणाची कामगिरी व्हाइट नॉइज चालू असताना सुधारली, तर इतर मुलांची घसरली. एकाचे औषध ते दुसऱ्याचे दुखणे, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच पूर्ण कचेरी एका पातळीवर आणण्यापेक्षा तिचे भाग करणे बरे : बोलण्याचा विभाग, मंद गुणगुणीचा विभाग आणि निःशब्द विभाग, आणि त्यांच्यामध्ये खरी भिंत व दार. 2022 साली ब्रिटनच्या मानक संस्थेने न्यूरोडायव्हर्सिटी आणि इमारती या विषयावर जो मार्गदर्शक प्रसिद्ध केला, त्याचाही भर वेगवेगळ्या गरजांसाठी निवडीला वाव ठेवण्यावर आहे. प्रॉप्स्ट 1968 मध्ये याहून फार वेगळे सांगत नव्हते.

कायदा कुठवर येतो

भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले. एडीएचडीचे नाव त्या यादीत नाही. कायद्याचा आधारशब्द आहे 'वाजवी सोय' : अवाजवी बोजा न पडता करता येणारा आवश्यक तो बदल. तो नाकारणे हा भेदभाव आहे असे कायदा म्हणतो. सरकारी आस्थापनांवर अशी सोय करण्याचे थेट बंधन आहे. खासगी आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात सोयींचा तपशील द्यायचा असतो. 2021 साली परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक टक्क्यांचे प्रमाणपत्र नसले तरी वाजवी सोय मिळू शकते असे सांगितले. सोय त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची, हेही त्यात स्पष्ट झाले.

व्यवहारात मात्र या वाटेवर पहिली पायरी कर्मचाऱ्यालाच चढावी लागते. त्याने निदान मिळवायचे, ते मनुष्यबळ विभागाला सांगायचे, आणि मग खिडकीजवळचे टेबल किंवा आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागायचे. मोठेपणी निदान झालेल्या अनेकांकडे कागद नसतो, आणि कागद असणाऱ्यांना तो दाखवण्याची भीती असते. ही पायरी ज्याला चढता येत नाही, तो गोंगाटात बसून राहतो किंवा राजीनामा देतो.

छताची गोष्ट वेगळी आहे. आवाज शोषणारे छत, डोक्यावर जाणारी पार्टिशने आणि दार असलेली निःशब्द खोली यांना कुणाचे प्रमाणपत्र लागत नाही. ती बसवताना कुणी कुणाला काही सांगावे लागत नाही आणि त्यांचा लाभ निदान न झालेल्यालाही मिळतो. व्यक्तिगत सोयीची गरज त्यानंतरही काहींना राहीलच. हेडफोन, मंद दिवा, ठरलेली जागा हे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे द्यावे लागेल. पण नव्या कचेरीचा नकाशा मंजुरीसाठी टेबलावर येतो तेव्हा दर चौरस मीटरला माणसे किती, हा आकडा त्यावर लिहिलेला असतो. त्याच्याशेजारी शब्दांचा पल्ला किती मीटर, हा दुसरा आकडा लिहायला सांगितले, तर श्नेले बंधूंच्या मागे राहिलेला तो गालिचा आणि ते छत निदान चर्चेत तरी परत येईल.